टोपोशीटच्या सूचीचा फोटो आणि दोन रकान्यांचा तक्ता

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर नकाशाच्या चौकटीखाली, तळाच्या समासात, चिन्हांची सूची छापलेली असते. ती यादीसारखी दिसली तरी यादी म्हणून छापलेली नसते. कागदावर जागा कमी आणि दाखवायची चिन्हे पुष्कळ, म्हणून एकेका ओळीत चार, पाच, कधी सात अर्थ दाटीवाटीने बसवलेले असतात. त्यापुढे ठिपक्यांची रांग असते आणि रांगेच्या उजव्या टोकाला चिन्हे एकापुढे एक काढलेली असतात. कोणता अर्थ कोणत्या चिन्हाचा, हे कुठेही वेगळे सांगितलेले नसते. ते फक्त क्रमावरून आणि विरामचिन्हांवरून कळते. अशा सूचीचा फोटो समोर ठेवून डावीकडे चिन्ह आणि उजवीकडे अर्थ असा तक्ता करायला घेतला की बहुतेक चुका इथेच होतात. अक्षर वाचता न आल्यामुळे होणाऱ्या चुका त्या मानाने थोड्या.

असा तक्ता लागतो भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला, पाणलोटाच्या कामाला, सह्याद्रीत वाटा शोधणाऱ्यांना. फोटोवरून करावा लागतो तो कागदाच्या आकारामुळे. १:५०,००० प्रमाणाचे जुन्या क्रमांक पद्धतीतले पत्रक १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश व्यापते. पुणे शहराचा बराच भाग ज्यात येतो ते ४७ एफ/१४ हे पत्रक घेतले, तर त्याची नुसती चौकटच सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच भरते, समास वेगळे. घरच्या किंवा कार्यालयातल्या ए-फोर स्कॅनरवर ते मावत नाही. ग्रंथालयातून पत्रक बाहेर नेता येत नाही. मग मोबाइलने फोटो काढला जातो, आणि तोही बहुधा पूर्ण पत्रकाचा एकच.

हा एकच फोटो पुढे नडतो. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४,००० पिक्सेल रुंद असतो. समासासह साठ सेंटिमीटरचा कागद त्यात बसवला तर कागदाच्या एका मिलिमीटरला साडेसहा पिक्सेल मिळतात. सूचीतले दीड मिलिमीटर उंचीचे अक्षर मग दहा पिक्सेलांत उरकते. ते कसेबसे वाचता येते, पण चिन्हाचे तसे नसते. पायवाट ठिपक्यांनी दाखवली आहे की तुटक रेघांनी, एवढ्यावर तिचा अर्थ ठरतो आणि त्या ठिपक्यांमधली फट दोन-तीन पिक्सेलांत विरघळून जाते. तोच मोबाइल जवळ नेऊन फक्त पंधरा सेंटिमीटर रुंदीचा भाग टिपला तर मिलिमीटरला सव्वीस-सत्तावीस पिक्सेल येतात आणि अक्षर चाळीस पिक्सेलांचे होते. म्हणून सूचीचे फोटो तुकड्यांत काढावेत. एका तुकड्यातली शेवटची ओळ पुढच्या तुकड्यातही यावी, म्हणजे मधली ओळ गळण्याची भीती राहत नाही. ठिपक्यांची रांग मात्र कधीही दोन फोटोंत तोडू नये. डावीकडचे शब्द एका फोटोत आणि उजवीकडची चिन्हे दुसऱ्यात गेली की कोणती ओळ कुठे जुळते हे नंतर ठरवणे जिकिरीचे होते. रुंदी पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली तरी चालेल, पण ओळ सलग हवी.

तिरपा फोटो हाही याच जातीचा घोटाळा करतो. मोबाइल कागदाला समांतर नसला की ओळी एका बाजूला जवळ येतात, आणि डोळा ठिपक्यांच्या रांगेवरून सरकताना एक ओळ वर किंवा खाली उतरतो. पत्रक घडीचे असेल आणि घडी नेमकी सूचीवरून गेली असेल, तर हे हमखास घडते. संगणकावर फोटो सरळ करता येतो, पण मुळात कागद सपाट टेबलावर ठेवून वरून सरळ फोटो घेणे हे त्याहून सोपे. लॅमिनेट केलेल्या पत्रकावर दिव्याची चकाकी पडते, तिच्याखालचे चिन्ह पुढे कितीही खटपट केली तरी परत मिळत नाही. अशा वेळी दिवा बंद करून खिडकीजवळच्या उजेडात फोटो घ्यावा. फोटो दुसऱ्याकडे पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि बारीक ठिपके सर्वांत आधी जातात.

आता प्रत्यक्ष वाचन. सूचीतल्या विरामचिन्हांना ठरलेली कामे आहेत. पूर्णविराम दोन वेगळ्या वस्तू तोडतो. अपूर्णविराम, म्हणजे एकाखाली एक असे दोन ठिपके, मथळा उघडतो. अर्धविराम त्या मथळ्याखालचे प्रकार वेगळे करतो. स्वल्पविराम बहुधा शब्दांची उलटापालट सांगतो, म्हणजे आधी नाम आणि मग त्याचे विशेषण. हे ध्यानात आले की ओळ आपोआप सुटत जाते.

विहिरी आणि तलावांची ओळ याचे चांगले उदाहरण आहे. छापील ओळ अशी: 'वेल्स: लाइन्ड; अनलाइन्ड. ट्यूब-वेल. स्प्रिंग. टँक्स: पेरेनियल; ड्राय.' इथे 'वेल्स' हा मथळा आहे, तो स्वतः कुठल्याही चिन्हाचा अर्थ नाही. त्याखाली दोन प्रकार येतात, बांधीव विहीर आणि कच्ची विहीर. पूर्णविरामानंतर कूपनलिका, पुढच्या पूर्णविरामानंतर झरा. मग 'टँक्स' हा दुसरा मथळा आणि त्याचे दोन प्रकार, बारमाही तलाव आणि कोरडा तलाव. एकूण अर्थ सहा. तेव्हा ठिपक्यांच्या उजवीकडेही सहाच चिन्हे असली पाहिजेत. आधी शब्दांकडे न पाहता चिन्हे मोजायची, मग चिन्हांकडे न पाहता अर्थ मोजायचे, आणि दोन्ही आकडे जुळले तरच तक्त्यात लिहायला घ्यायचे. एवढ्या एका सवयीने निम्म्याहून अधिक चुका टळतात.

ती सवय नसली की काय होते, हे एका महाविद्यालयीन गटाने केलेल्या तक्त्यात पाहायला मिळाले. क्षेत्रभेटीच्या आदल्या रात्री फोटोवरून घाईघाईने उतरवलेला तो तक्ता होता. वरची ओळ उतरवताना 'ट्यूब-वेल' हा शब्द सुटला. 'वेल्स' एकदा लिहून झाल्यामुळे पुढचे 'वेल' त्यातच धरले गेले असावे. अर्थ पाच उरले, चिन्हे मात्र सहा. पहिली दोन नीट जुळली. तिसऱ्या चिन्हापुढे, म्हणजे कूपनलिकेपुढे, झरा लिहिला गेला. झऱ्याच्या चिन्हापुढे बारमाही तलाव आला आणि बारमाही तलावाच्या चिन्हापुढे कोरडा तलाव. सहावे चिन्ह एकटे उरले, ते छपाईचा डाग समजून सोडून देण्यात आले. सदऱ्याचे एक बटण चुकीच्या काजात गेले की खालची सगळी चुकतात, तसा हा प्रकार. फरक इतकाच की सदरा आरशात दिसतो, तक्ता दिसत नाही. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पाहिली तर तिच्यात काहीच खटकत नाही. चिन्ह खरे, अर्थही सूचीत असलेलाच.

चूक उघड झाली ती नकाशात डोके घातल्यावर. तक्त्याप्रमाणे पाषाणचा तलाव कोरडा ठरत होता, जो पत्रकावर निळ्या रंगाने भरलेला आहे. उलट गावांजवळ शेतांत जागोजागी झरे दाखवलेले, आणि बारमाही तलाव म्हणून दाखवलेली टिचभर चिन्हे डोंगराच्या अशा उतारावर की तिथे बादलीभर पाणीही साठून राहू नये. एका ओळीतले तीन अर्थ एकाच वेळी विसंगत दिसू लागले की वाचन चुकलेले नसते, सरकलेले असते. अशा वेळी एकेक नोंद दुरुस्त करत बसू नये. त्या ओळीच्या सुरुवातीला परत जाऊन मोजणी करावी. सुटलेला शब्द सापडला की बाकीचे आपोआप जागेवर येते.

मोजणी जिथे मुद्दाम जुळत नाही अशा काही ओळी आहेत, त्या माहीत नसल्या तर उगाच शोधाशोध होते. पक्क्या रस्त्यांच्या ओळीत 'रोड्स, मेटल्ड: अकॉर्डिंग टू इम्पॉर्टन्स' असे शब्द येतात. इथे अर्थ एकच दिसतो, पण चिन्हे एकाहून अधिक असतात, कारण रस्त्याचे महत्त्व जाडीने दाखवलेले असते. प्रत्येक जाडीला वेगळे नाव सूचीने दिलेले नाही. तक्ता करणाऱ्याला मग मोह होतो की जाड रेघेपुढे राष्ट्रीय महामार्ग लिहावे, त्याहून बारीक रेघेपुढे राज्य महामार्ग, मग जिल्हा मार्ग. हे सूचीत नाही, आणि पत्रकाच्या सर्वेक्षणानंतर रस्त्यांचे दर्जे बदललेले असतात. तक्त्यात 'पक्का रस्ता, अधिक महत्त्वाचा' आणि 'पक्का रस्ता, कमी महत्त्वाचा' एवढेच यावे. रुक्ष वाटते, पण सूची जेवढे सांगते तेवढेच तक्त्याने सांगायचे असते.

त्याच्याच खाली कच्च्या रस्त्यांच्या ओळीत 'डू' असा आखूड शब्द दिसतो, कधी लागोपाठ दोनदा. नवख्याला तो छपाईतला दोष वाटतो, किंवा एखादे संक्षिप्त नाव. तो 'डिट्टो'चा संक्षेप आहे, म्हणजे वरच्या ओळीत जे म्हटले तेच इथेही. रेल्वेच्या ओळींतही हेच होते: ब्रॉडगेजच्या ओळीत दुहेरी मार्ग, स्थानकासह एकेरी मार्ग, बांधकाम सुरू असलेला मार्ग असे शब्द असतात आणि इतर गेजच्या ओळीत शेवटच्या जागी नुसते 'डू'. दोन रकान्यांच्या तक्त्यात 'वरीलप्रमाणे' लिहून भागत नाही. तक्ता उद्या कोणी अकारविल्हे लावला किंवा त्यातल्या चारच ओळी उचलून दुसरीकडे नेल्या, तर 'वरील' काय होते हे कोणालाच कळणार नाही. 'इतर गेज रेल्वेमार्ग, बांधकाम सुरू' असा पूर्ण अर्थ प्रत्येक ओळीत लिहावा. मथळ्यांचेही तेच. 'कच्ची' असे सुटे लिहू नये, 'कच्ची विहीर' लिहावे. स्वल्पविरामाने उलटवलेले शब्दही सरळ करावेत. 'बाउंड्री, स्टेट: डिमार्केटेड; अनडिमार्केटेड' या नोंदीचे तक्त्यात 'राज्यसीमा, जमिनीवर आखलेली' आणि 'राज्यसीमा, न आखलेली' असे दोन अर्थ होतात.

काही नोंदींत 'विथ' हा शब्द येतो. 'पॅक-ट्रॅक विथ पास' म्हणजे ओझ्याच्या जनावरांची वाट आणि तिच्यावरची खिंड. 'कटिंग विथ टनेल' म्हणजे लोहमार्गासाठी डोंगरात केलेला खोदकामाचा छेद आणि पुढचा बोगदा. छापताना जागा वाचावी म्हणून एकाच छोट्या चित्रात दोन चिन्हे दाखवलेली असतात. मोजणीत हे एकच चिन्ह धरायचे, नाहीतर आकडे जुळत नाहीत. तक्त्यात मात्र त्याच्या दोन ओळी होतात, कारण नकाशावर वाट खिंडीशिवाय मैलोन्‌मैल दिसणार आणि वाचणाऱ्याला नुसत्या वाटेचा अर्थ हवा असणार. चित्राचा कोणता भाग वाटेचा आणि कोणता खिंडीचा, हे नकाशाच्या अंगावर एकदा पाहून मगच तोडावे. सह्याद्रीच्या पत्रकांवर घाटमाथ्याजवळ अशा वाटा सापडतात, त्यामुळे पडताळणी अवघड जात नाही.

खरी फसगत होते ती नमुन्याच्या मजकुराने. उंचीच्या ओळीत त्रिकोणापुढे २०० हा आकडा छापलेला असतो, नुसत्या ठिपक्यापुढेही २०० असतो. हा आकडा चिन्हाचा भाग नाही. तिथे त्या त्या जागेची उंची येते, एवढेच तो दाखवतो. तक्त्यात 'त्रिकोण २००: त्रिकोणमितीय स्थानक' असे उतरवले तर वाचणारा नकाशावर २०० लिहिलेले त्रिकोण शोधत बसतो. त्याहून गमतीचा प्रकार विरळ अक्षरांत छापलेल्या नावांचा. 'स्पेस्ड नेम्स: अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह; लोकॅलिटी ऑर ट्रायबल' अशी ओळ आहे आणि तिच्या उजवीकडे 'किकरी' व 'नागा' हे शब्द रोमन मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत. पुण्याच्या पत्रकावर नागा कुठून आले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ते नाव सांगत नाहीत, अक्षरांचे वळण आणि त्यांतले अंतर दाखवतात: प्रशासकीय विभागाचे नाव अशा अक्षरांत छापले जाते, परिसराचे किंवा जमातीच्या प्रदेशाचे तशा. तक्त्याच्या डाव्या रकान्यात म्हणून 'विरळ अक्षरांतले नाव, पहिल्या वळणाचे' अशा धर्तीचे वर्णन आणि शेजारी कापलेले चित्र हवे. मजकूर ओळखणाऱ्या संगणकीय साधनाला हा भेद कळण्याची शक्यता नाही. त्याच्या लेखी 'किकरी' हाही शब्द आणि 'स्पेस्ड' हाही शब्द. अशा साधनाकडून डावीकडचा मजकूर उतरवून घ्यायला हरकत नाही, पण ठिपक्यांच्या उजवीकडचे जे काही ते देईल ते सरळ खोडून टाकावे.

याउलट टपाल कार्यालय, पोलीस ठाणे, विश्रामगृह, राखीव वन यांच्यासाठी छापलेली दोन-दोन रोमन अक्षरे हीच चिन्हे आहेत. ती जशीच्या तशी उतरवायची. वनाच्या नोंदीत राखीव आणि संरक्षित यांच्यात एकाच अक्षराचा फरक असतो, आणि अस्पष्ट फोटोत आर आणि पी ही अक्षरे एकमेकांसारखीच दिसतात. शंका असेल तिथे क्रमावर भिस्त ठेवावी: शब्दांत राखीव आधी आहे, तेव्हा पहिले चिन्ह त्याचेच.

रंगाचा विषय वेगळ्या सावधगिरीचा आहे. टोपोशीटवर रंग अर्थ बदलतो. पाणी निळे, समोच्चरेषा तपकिरी, वस्ती आणि रस्ते लाल, झाडी हिरवी, लागवडीखालची जमीन पिवळी. कोरड्या पात्राचा ओढा काळ्या रेघेने येतो आणि पाणी असलेला निळ्या, आकार तोच. कृष्णधवल झेरॉक्सवरून केलेल्या तक्त्यात हा भेद उरत नाही, म्हणून झेरॉक्सच्या फोटोवरून तक्ता करायचाच झाला तर रंगावर अवलंबून असलेल्या ओळी बाजूला काढून मूळ पत्रक पाहिल्याशिवाय भरू नयेत. रंगीत फोटोतही धोका आहेच. जुना कागद पिवळा पडलेला असतो आणि त्यावर लागवडीच्या जमिनीचा फिका पिवळा दिसेनासा होतो. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि लाल एकमेकांच्या जवळ जातात. फोटो काढताना चौकटीच्या कडेला कोऱ्या पांढऱ्या कागदाची एक पट्टी ठेवली तर पुढे रंग ताडून पाहता येतात. तक्त्यात रंग शब्दाने लिहावा. 'रेघ: ओढा' अशी नोंद अपुरी आहे, 'काळी रेघ' किंवा 'निळी रेघ' म्हणावे, म्हणजे तक्त्याची झेरॉक्स निघाली तरी अर्थ टिकतो.

डाव्या रकान्यात चिन्ह कसे ठेवायचे, हा प्रश्न मग उरतो. संगणकावर उपलब्ध असलेली तयार चिन्हे वापरण्याचा मोह टाळलेला बरा. मध्ये ठिपका असलेला त्रिकोण युनिकोडमध्ये U+25EC या क्रमांकाला आहे आणि तो त्रिकोणमितीय स्थानकासाठी जवळजवळ चपखल बसतो. पण दुसऱ्याच्या संगणकात तो असलेला फाँट नसेल तर तिथे रिकामा चौकोन उमटतो, आणि चौकोन हेही नकाशावर चिन्ह असू शकते. देऊळ, चर्च, मशीद यांची तयार चिन्हे तर मोबाइलवर रंगीत चित्रे होऊन येतात. त्यांचा टोपोशीटवरच्या चिन्हांशी नावापुरताच संबंध. फोटोतून प्रत्येक चिन्ह कापून लावणे आणि त्याखाली दोन-चार शब्दांत त्याचे वर्णन लिहिणे, हे सर्वांत विश्वासाचे. कापताना सगळे तुकडे एकाच प्रमाणात ठेवावेत. एखादा मोठा केला आणि एखादा लहान, तर रेघांच्या जाडीवरून ठरणारे रस्ते पुन्हा गोंधळात पडतात.

वर्डमध्ये तक्ता करताना चित्राची मांडणी `In Line with Text` अशी ठेवावी. तशी नसली तर ओळ खाली ढकलली गेल्यावर चित्र जागेवरच राहू शकते आणि शेजारच्या ओळीच्या अर्थाला जाऊन चिकटते. ट्यूब-वेल सुटल्यावर झाला तोच घोटाळा, या वेळी यंत्राच्या हातून. तक्ता एकाहून अधिक पानांचा होणारच, तेव्हा पहिल्या ओळीला `Repeat Header Rows` लावावे. स्प्रेडशीटमध्ये पेशींवर तरंगणारी चित्रे ठेवून कधीही क्रम लावू नये. अर्थ हलतात, चित्रे तशीच राहू शकतात.

वर सोडवलेल्या ओळी तक्त्यात अशा दिसतात. इथे चित्रांच्या जागी फक्त वर्णन दिले आहे. विहिरीच्या चिन्हांचे वर्णन ज्याने त्याने आपल्या आवृत्तीवरून लिहायचे.

| चिन्ह | अर्थ |
|---|---|
| (तलावाच्या ओळीतले १ले) | बांधीव विहीर |
| (२रे) | कच्ची विहीर |
| (३रे) | कूपनलिका |
| (४थे) | झरा |
| निळ्या रंगाने भरलेली आकृती (५वे) | बारमाही तलाव |
| न भरलेली आकृती (६वे) | कोरडा तलाव |
| त्रिकोण, शेजारी उंचीचा आकडा | त्रिकोणमितीय स्थानक |

कंसातला क्रमांक कच्च्या तक्त्यात राहू द्यावा. कोणती नोंद सूचीतल्या कितव्या जागेवरून आली हे त्यामुळे कळते आणि तपासणाऱ्याचे काम हलके होते. अंतिम प्रत काढताना तो पुसला तरी चालतो.

जे वाचता येत नाही ते तर्काने भरू नये. तिथे 'अस्पष्ट' लिहून ओळ ठेवावी, गाळू नये. गाळली की मोजणी मोडते. अशी ओळ भरण्यासाठी दुसऱ्या पत्रकाची सूची पाहता येते, कारण एकाच मालिकेतल्या पत्रकांना बहुधा एकच सामायिक सूची असते. म्हणूनच तर पुण्याच्या पत्रकाखाली दीपगृह, समुद्रातले बोये आणि वाळूच्या सरकत्या टेकड्याही दिसतात. मात्र दुसरे पत्रक त्याच मालिकेतले आणि शक्यतो त्याच काळातले हवे. एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या जुन्या पत्रकांत उंची फुटांत आहे आणि रस्त्यावर मैलाचे दगड आहेत. १:५०,००० मध्ये मीटर आणि किलोमीटर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेली मुक्त मालिका तर क्रमांकांपासून वेगळी आहे. एका मालिकेतली पोकळी दुसरीच्या सूचीने भरली तर तक्ता पूर्ण दिसतो आणि कोणत्याच नकाशाचा राहत नाही.

दीपगृहासारख्या अप्रस्तुत नोंदींचे काय करायचे, हे तक्ता कशासाठी आहे यावर ठरते. प्रात्यक्षिकासाठी पूर्ण सूचीच उतरवावी. क्षेत्रभेटीला नेण्याचा तक्ता असेल तर त्या पत्रकावर न येणाऱ्या ओळी वेगळ्या पानावर न्याव्यात, पण त्या आधी उतरवून, मोजून, मगच. सुरुवातीलाच 'हे इथे लागणार नाही' म्हणून वगळत गेले की मोजणीचा आधार निघून जातो.

तक्ता झाल्यावर पडताळणी दोन प्रकारे करावी. एकाने तक्ता मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने मूळ सूचीवर बोट फिरवावे. ज्याने तक्ता केला त्याने वाचू नये, त्याला स्वतःची चूक पाठ झालेली असते. दुसरी पडताळणी नकाशाच्या अंगावर. ज्यांच्याबद्दल शंका नाही अशा जागा घ्याव्यात आणि तक्ता त्यांना काय म्हणतो ते पाहावे. ४७ एफ/१४ वर पुणे स्थानकाहून खडकी, पिंपरी, चिंचवडकडे जाणारी रेल्वे आहे. तक्त्याप्रमाणे ती ब्रॉडगेज दुहेरी निघाली पाहिजे. पाषाणचा तलाव कोरडा निघता कामा नये. मुळा आणि मुठा यांच्या संगमाजवळ तक्त्याने पाणी निळे म्हटले पाहिजे. अशा पाच-सहा जागा पाण्याच्या, रस्त्यांच्या, उंचीच्या, वस्तीच्या अशा वेगवेगळ्या ओळींतून निवडाव्यात, कारण घसरण ओळीपुरती होते आणि एका ओळीची पडताळणी दुसरीबद्दल काहीच सांगत नाही.

शेवटी तक्त्याच्या माथ्यावर पत्रकाचा क्रमांक, प्रमाण, आवृत्ती आणि पत्रकावर छापलेले सर्वेक्षणाचे वर्ष लिहावे. ही माहितीही समासातच असते, पण सूचीपासून दूर, आणि सूचीच्या जवळून काढलेल्या फोटोंत ती येत नाही. म्हणून तिचा वेगळा फोटो त्याच वेळी घ्यावा. 'अस्पष्ट' राहिलेल्या ओळी किती आणि कोणत्या, ते त्याखाली नोंदवावे, म्हणजे पुढच्या वेळी मूळ पत्रक हाती आले की तेवढ्याच जागा पाहाव्या लागतात.